आवरती, लांबवलेली आणि डागाची कॉफी

या पुस्तिकेच्या पहिल्या खर्ड्यात मी रिस्त्रेत्तोचा अर्थ ‘आटवलेली कॉफी’ असा लिहिला होता. शब्दकोश त्याला दुजोरा देत होता. इटालियन स्वयंपाकघरात उकळून उकळून घट्ट केलेल्या रश्शाला ‘ब्रोदो रिस्त्रेत्तो’ म्हणतात, आणि आपल्याकडे बासुंदीचं दूध आटवतात तसंच ते काम आहे. अर्थ जुळला म्हणून मी पुढे गेलो. काही दिवसांनी ते पान वाचलेल्या एका मैत्रिणीने मला विचारलं, “मग एस्प्रेसो काढून झाल्यावर ती परत गॅसवर ठेवायची का?” तिचा प्रश्न रास्त होता, कारण ‘आटवणे’ म्हणजे पाणी उडवून लावणे. रिस्त्रेत्तोच्या कपातलं पाणी कुठेच उडून जात नाही. ते मुळात कपात येऊच दिलेलं नसतं.

ते पान मी फाडलं आणि शब्द पुन्हा शोधायला बसलो. ‘रेस्त्रिंजेरे’ या क्रियापदाचा अर्थ अरुंद करणे, आखडणे, आवळणे असा होतो, आणि रिस्त्रेत्तो हे त्याचं भूतकाळवाचक विशेषण. मराठीत बोलणं लांबत चाललं की आपण म्हणतो, ‘आता आवरतं घ्या.’ रिस्त्रेत्तोला यापेक्षा जवळचा शब्द मला सापडला नाही. ही आवरतं घेतलेली कॉफी आहे. लुंगो म्हणजे लांब, सरळ आणि साधं, म्हणजेच लांबू दिलेली कॉफी. माक्कियातो हा शब्द ‘माक्किया’वरून आला. माक्किया म्हणजे डाग, तेव्हा ही डाग पडलेली कॉफी, आणि तो डाग दुधाचा.

तिन्ही शब्द विशेषणं आहेत. ज्याचं वर्णन ती करतात ते ‘काफ्फे’ हे नाम इटलीच्या बारमध्ये कुणी उच्चारत नाही. काऊंटरला टेकून माणूस नुसतं “उन माक्कियातो” म्हणतो, आपण टपरीवर नुसतं “एक कटिंग” म्हणतो तसंच. इटालियनमध्ये काफ्फे पुल्लिंगी आहे, म्हणून तिन्ही शब्द ओकारान्त आहेत. मराठीत कॉफी स्त्रीलिंगी असल्याने या पुस्तिकेत मी ‘ती रिस्त्रेत्तो’, ‘ती लुंगो’ असंच लिहिलं आहे. उच्चाराचीही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. इटालियनमध्ये सी-एच-आय ही अक्षरं ‘चि’ होत नाहीत, ‘कि’ होतात. म्हणून माचियातो नाही, माक्कियातो.

विशेषणांचा मुद्दा मी लावून धरतो आहे, कारण आपल्याकडच्या मेन्यूकार्डावर ही तिन्ही नावं एकाखाली एक छापलेली असतात, शेजारी किमती असतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की लहान, मध्यम, मोठी अशी ही मापं आहेत किंवा सौम्य, कडक, जास्त कडक अशा या पायऱ्या आहेत. त्यातली दोन विशेषणं एका प्रश्नाचं उत्तर देतात. पाणी कॉफीतून जात असताना ते कुठे थांबवायचं, हा तो प्रश्न. तिसरं विशेषण, माक्कियातो, वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. काढून झालेल्या कॉफीत काय घालायचं? म्हणूनच इटलीत कुणी “लुंगो माक्कियातो” मागितली तर त्यात विसंगती नसते. लांबू दिलेली, आणि वर दुधाचा डाग. रिस्त्रेत्तो लुंगो मात्र कुणी मागू शकत नाही.

‘कुठे थांबवायचं’ हा प्रश्न पडण्यासाठी आधी न थांबणारं पाणी हवं. मिलानच्या आकिले गाज्जा यांनी 1938 साली वाफेऐवजी दाबलेल्या गरम पाण्याने कॉफी काढण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. युद्ध संपल्यावर त्यांची तरफेची यंत्रं बारमध्ये आली आणि कपावर तो तांबूस फेस, क्रेमा, पहिल्यांदा दिसू लागला. त्या यंत्रात तरफ खाली ओढली की नळकांड्यात ठरावीक पाणी भरतं, मग स्प्रिंग ते पाणी कॉफीतून ढकलते. नळकांडं रिकामं झालं की ढकलणं आपोआप संपतं. 1961 साली फाएमा कंपनीचं ई-61 हे यंत्र आलं आणि त्यात स्प्रिंगचं काम विजेच्या पंपाने केलं. पंपाला संपणं ठाऊक नाही. बटण बंद करेपर्यंत पाणी येतच राहतं. आज जगभरच्या काऊंटरवर याच वंशाची यंत्रं आहेत, आणि कॉफी कुठे आवरती घ्यायची हे यंत्रासमोर उभ्या माणसाच्या बोटावर आलं आहे.

आवरतं घेणं आणि लांबवणं हे कशाच्या तुलनेत, हेही ठरलेलं असावं लागतं. इटलीत एस्प्रेसोची चव आणि प्रमाणं ठरवणारी एक संस्था 1998 साली इस्तितूतो नात्सिओनाले एस्प्रेसो इतालियानो या नावाने स्थापन झाली. तिच्या मोजमापाप्रमाणे एका कपाला सुमारे 7 ग्रॅम पूड, 9 बार दाब, साधारण 25 सेकंद, आणि कपात क्रेमासकट 25 मिलिलिटर. कपातल्या कॉफीचं तापमान 67 अंशांच्या आसपास. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. एवढंच ध्यानात ठेवलं तरी पुरेसं आहे की पूड तीच, दाब तोच, दळण तेच ठेवून पाणी 15 मिलिलिटरच्या सुमारास थांबवलं तर रिस्त्रेत्तो होते आणि 50 च्या आसपास जाऊ दिलं तर लुंगो.

मग लुंगो म्हणजे रिस्त्रेत्तोत पाणी मिसळलेलं का? असं विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही, त्याच्यासमोर आठ कप मांडतो. हा प्रयोग घरी यंत्र असलेल्या कुणालाही जमेल, आणि या पुस्तिकेतलं निम्मं सांगणं त्यात येऊन जातं. दुहेरी बास्केटमध्ये 14 ग्रॅम पूड नेहमीसारखी दाबून बसवायची आणि बटण सुरू करायचं. पहिला थेंब पडायला पाच-सहा सेकंद लागतात. तो पडला की दर पाच सेकंदांनी खालचा कप सरकवून पुढचा ठेवायचा. हाताशी एक माणूस असलेला बरा.

पहिल्या कपात काकवीसारखं काळं, जाडसर काही पडतं. ते जिभेवर ठेवलं तर आधी आंबट आणि मग जवळपास खारट लागतं, इतकं की बरेच जण चेहरा वेडावाकडा करतात. दुसरा कप अजून दाट असतो, पण आंबटपणाच्या मागून गोडसर काही येऊ लागतं. तिसऱ्यात कडूपणा आणि गोडवा एकमेकांना भेटतात, आणि सुटा घेऊन प्यायला आवडेल असा एकच कप असेल तर तो हा. चौथ्यात रंग बदामी होतो, धार बारीक न राहता सैल पडू लागते. पाचवा फिका, हलका कडवट. सहावा, सातवा आणि आठवा कप पाहिले की गवताच्या काढ्याची आठवण येते. त्यांना कडू म्हणणंही बरोबर नाही. ते पाणचट लागतात आणि गिळल्यावर तोंड कोरडं पडतं, जिभेला सुपारी चघळल्यासारखी तुरट ओढ बसते.

आता जोडणी. पहिले तीन कप एकत्र करा, ती रिस्त्रेत्तो. पहिले पाच एकत्र करा, ती एस्प्रेसो. आठही एकत्र केले की लुंगो. ज्यांनी पाचवा कप सुटा चाखून नाक मुरडलं होतं, त्यांना मी पहिले चार कप एकत्र करून देतो आणि नंतर पाचवा त्यात घालून पुन्हा देतो. बहुतेक जण दुसऱ्या वेळी पसंती देतात. पाचव्या कपाला स्वतःची चव फारशी नाही, पण पहिल्या कपाची धार तो बोथट करतो. त्याचं काम तेवढंच आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

आठ कपांत चव अशी का बदलते? पुडीतून सगळं एकदम सुटत नाही. आंबट आम्लं आणि कॅफीन पाण्यात झटकन विरघळतात, म्हणून ती आधी येतात. भाजताना तयार झालेले काही कडू आणि तुरट पदार्थ कणाच्या आतून रेंगाळत बाहेर पडतात. शिवाय दर सेकंदाला पुडीत उरलेला माल कमी होत जातो, आणि वरून येणारं पाणी तेवढंच असतं. आपल्याकडे माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत किंवा बंगळुरात राहणाऱ्या मराठी घरांत पितळी फिल्टरची कॉफी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नवं नाही. पहिल्या पाण्याचं डिकॉक्शन पाहुण्यांसाठी असतं. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेलं फिकं निघतं, आणि ते एकटं कुणी देत नाही, पहिल्यात मिसळतं. एस्प्रेसोच्या यंत्रात पहिलं आणि दुसरं पाणी अर्ध्या मिनिटात एकापाठोपाठ येऊन जातं, इतकाच फरक.

थोडा हिशेब मांडला तर चित्र आणखी स्पष्ट होईल. आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक भाजणीला ते हलतात, पण प्रमाण असंच राहतं. 14 ग्रॅम पुडीतून पहिली 14 ग्रॅम कॉफी खाली आली तेव्हा तिच्यात सुमारे 2.1 ग्रॅम पदार्थ विरघळलेला असतो. पुढची 14 ग्रॅम आली की त्यात आणखी 0.6 ग्रॅमची भर पडते. त्यानंतरची 28 ग्रॅम कॉफी मात्र फार तर 0.4 ग्रॅम घेऊन येते. म्हणजे रिस्त्रेत्तोच्या प्रत्येक 100 थेंबांत 15 थेंबांइतका ऐवज आहे, एस्प्रेसोत साडेनऊच्या आसपास, आणि लुंगोत साडेपाच. पुडीकडून पाहिलं तर उलटं. रिस्त्रेत्तोने पुडीतला जेमतेम 15 टक्के भाग बाहेर काढला, एस्प्रेसोने 19, लुंगोने 22.

या दोन मोजण्या वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. कप किती दाट आहे ही एक, आणि पूड किती पिळली गेली ही दुसरी. मराठीत आपण दोन्हींना ‘स्ट्राँग’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. रिस्त्रेत्तो सगळ्यांत दाट आणि सगळ्यांत कमी पिळलेली. लुंगो सगळ्यांत पातळ आणि सगळ्यांत जास्त पिळलेली. चहाची भुकटी फार वेळ उकळली की चहा रंगाला गडद नसतानाही कडवट होतो, तो अनुभव लुंगोचा आहे. रात्री झोप यायला हवी म्हणून रिस्त्रेत्तो टाळून लुंगो मागणाऱ्यांनाही हाच हिशेब दाखवावा लागतो. कॅफीन लवकर सुटतं, त्यामुळे बरंचसं रिस्त्रेत्तोत आलेलं असतं, पण सगळं नाही. लुंगोत ते थोडं जास्तच असतं. त्याहून मोठा फरक बियांचा. रोबुस्टाच्या दाण्यात अरेबिकाच्या साधारण दुप्पट कॅफीन असतं.

रोबुस्टाचं नाव निघालंच आहे तर नेपल्सचं सांगायला हवं, कारण रिस्त्रेत्तो हे विशेषण तिथे गळून पडल्यासारखं आहे. दक्षिणेत, विशेषतः नेपल्समध्ये, न सांगता जी कॉफी समोर येते तीच बाकीच्या इटलीत आवरती म्हणावी अशी असते. उकळत्या पाण्यातून काढलेला कप हाताला चटका देतो, तळाशी दोन-तीन घोटांची काळी कॉफी असते, आणि बरोबर आधी पिण्यासाठी पाण्याचा छोटा ग्लास. भाजणी गडद, मिश्रणात रोबुस्टाचा वाटा. रोबुस्टाने क्रेमा जाड येतो आणि अंगाला भरीवपणा येतो. अनेक वर्षं भारतीय कॉफीचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक इटली आहे, आणि कोडगू, वायनाड, चिकमगळूरचा धुतलेला रोबुस्टा तिथल्या मिश्रणांत जातो. गडद भाजणीत आम्लं बरीचशी जळून गेलेली असतात, म्हणून तिथे पहिल्या कपाचा आंबटपणा टोचत नाही आणि कॉफी लवकर आवरली तरी गोलसर लागते. इथेच आपल्याकडच्या नव्या कॅफेंची अडचण सुरू होते. हलकी भाजलेली, फळांच्या चवीची अरेबिका घेऊन त्याच जागी पाणी थांबवलं तर कपात लिंबू पिळल्यासारखी कॉफी येते. दोष रिस्त्रेत्तोचा नसतो, भाजणीला न जुळणाऱ्या ठिकाणी थांबण्याचा असतो.

रिस्त्रेत्तो काढायच्या दोन रीती आहेत, आणि नाव एकच असल्याने त्यांची सरमिसळ होते. पहिली वर आलीच, नेहमीच्या दळणावर पाणी लवकर तोडायचं, साधारण 15 ते 18 सेकंदांत. गर्दीच्या बारमध्ये हीच चालते, कारण एका कपासाठी ग्राइंडरची चकती कुणी हलवत नाही. दुसऱ्या रीतीत दळण बारीक करायचं, म्हणजे तेवढंच 15 मिलिलिटर यायला पूर्ण 25 सेकंद लागतात. पाणी बारीक कणांमधून रखडत जातं, प्रत्येक थेंब जास्त माल घेऊन येतो, आणि आंबटपणामागचा गोडवाही कपात उतरतो. मला दुसरी जास्त आवडते, विशेषतः मध्यम भाजणीवर. तिचा धोका असा की दळण किंचित जरी जास्त बारीक झालं तर पाणी पुडीच्या चकतीतून समान न जाता एखादी भेग शोधतं आणि तिथूनच धावतं. हे ओळखायला डोळे पुरतात. तळ उघडा असलेलं हँडल वापरत असाल तर एका बाजूने बारीक पिचकारी उडते. बंद हँडल असेल तर धार आधी थेंब-थेंब येते आणि मग अचानक फिकी होऊन वाहू लागते. चवीत आंबट आणि कडू दोन्ही टोकं एकाच घोटात येतात, मधलं काही नाही. असं झालं की दळण एक खूण जाड करायचं. पाणी आणखी लवकर तोडून ते दुरुस्त होत नाही.

लुंगोचीही अशीच गोष्ट आहे. नेहमीच्या दळणावर नुसतं बटण बंद न करणं ही सोपी रीत. त्यात 50 मिलिलिटरला 40 सेकंद लागतात आणि शेवटचे तीन कप पूर्ण कपात येतात. क्रेमाच्या मध्यभागी पांढुरका ठिपका उमटला की पाणी गरजेपेक्षा जास्त गेलं असं समजावं. ज्याला लुंगो आवडते आणि जो ती रोज पितो, त्याने दळण थोडं जाड करावं, म्हणजे तेवढंच पाणी तीसेक सेकंदांत जाईल. पुडीला लागलेला वेळ आटोक्यात राहतो, तुरटपणा कमी होतो, आणि कपात भाकरीच्या पापुद्र्यासारखा खरपूस वास शिल्लक राहतो. लुंगोच्या वाट्याला तो येतो, रिस्त्रेत्तोच्या नाही. काफ्फे अमेरिकानो हा निराळा पदार्थ. तिथे एस्प्रेसो जागच्या जागी थांबवलेली असते आणि गरम पाणी बाहेरून घातलेलं असतं. पातळपणा दोन्हींत सारखा आणता येतो, पण अमेरिकानोच्या पाण्याने पुडीला हात लावलेला नसतो, म्हणून तिच्यात ती ओढ नसते. दोन्ही समोरासमोर ठेवून प्यायल्या तर पहिल्याच घोटात कळतं.

कॅप्सूलची यंत्रं घरोघरी आल्यापासून या शब्दांना बटणं मिळाली आहेत. तिथल्या लुंगोच्या बटणातून 110 मिलिलिटर येऊ शकतं, इटलीच्या काऊंटरवरच्या लुंगोच्या दुप्पट. त्या मापासाठी बनवलेल्या कॅप्सूलमध्ये दळण आणि पुडीचं वजन वेगळं असतं, म्हणून ती कॉफी सुसह्य असते. रिस्त्रेत्तोसाठी बनवलेली कॅप्सूल घालून लुंगोचं बटण दाबलं की मात्र आठव्या कपानंतरचे कितीतरी कप पोटात जातात. आपल्याकडच्या कॅफेंत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिथे बास्केटमध्ये बहुधा 18 ते 20 ग्रॅम पूड असते. त्यामुळे इटालियन पुस्तकातलं ‘15 मिलिलिटर’ तिथे लागू पडत नाही. वजनाचं गुणोत्तर धरावं. पुडीइतकीच कॉफी आली तर रिस्त्रेत्तो, दुप्पट आली तर एस्प्रेसो, तिप्पट-चौपट आली तर लुंगो. छोटा वजनकाटा कपाखाली ठेवणारे बरिस्ता आता पुण्या-मुंबईत दिसतात. त्यांच्याशी या भाषेत बोलता येतं.

माक्कियातोकडे येताना ही सगळी मापं बाजूला ठेवावी लागतात. तिच्यासाठी पाणी कुठे थांबलं याने फरक पडत नाही, ते थांबल्यावर पुढे काय झालं याने पडतो. 25 मिलिलिटर एस्प्रेसो, त्यावर एक-दोन चमचे दूध. डाग म्हणावा इतकंच. इटलीत तो डाग गरम की थंड हे सांगावं लागतं. ‘काल्दो’ म्हटलं तर वाफेने फेसाळलेल्या दुधाचा ठिपका येतो, ‘फ्रेद्दो’ म्हटलं तर फ्रिजमधलं दूध, पुष्कळदा शेजारी छोट्या भांड्यात.

दोन्हींतला फरक नुसत्या आवडीचा नाही. एस्प्रेसो कपात 67 अंशांवर असते असं धरू. तिच्यात 10 मिलिलिटर दूध 5 अंशांचं घातलं तर सगळं मिळून 49 अंशांवर उतरतं. तेवढंच दूध 60 अंशांवर फेसाळून घातलं तर कॉफी 65 वर राहते. 49 अंशांना जीभ पोळत नाही, चवी उलगडतात, गोडवा आणि आंबटपणा दोन्ही जास्त कळतात. म्हणून घाईत असलेला, एका दमात पिऊन ट्राम पकडणारा माणूस फ्रेद्दो मागतो, आणि तो बरोबर करतो. फेसाळलेल्या दुधाची गोष्ट वेगळी आहे. फेस ओठांना आधी लागतो, कॉफीचा कडूपणा त्याच्या मागून येतो, आणि दुधातली साखर कोमट असताना जास्त गोड लागते. फेस करताना दूध 70 अंशांच्या पुढे गेलं तर उकडलेल्या अंड्यासारखा वास धरतं, आणि एवढ्याशा डागातही तो लपत नाही.

दोन चमचे दूध इतका फरक कसा पाडतं? दुधातलं केसीन हे प्रथिन कॉफीतल्या तुरट पदार्थांना चिकटतं आणि ते जिभेपर्यंत पोचण्याआधी त्यांना बांधून टाकतं. चहात दूध घातल्यावर घशातली ओढ जाते, त्याचं कारण हेच. स्निग्धांश जिभेवर पातळ थर धरतो. त्यामुळे जी एस्प्रेसो किंचित जास्त पिळली गेली आहे तिला माक्कियातो सांभाळून घेते, पण जी आंबट निघाली आहे तिला नाही. आम्लाला बांधायला दोन चमच्यांत पुरेसं दूध नसतं. मी शिकवायला उभा असतो तेव्हा चुकलेल्या शॉटवर दूध घालून पाहायला सांगतो. दुधाने कॉफी सावरली तर पाणी उशिरा थांबलं होतं, न सावरता आंबट-दुधट झाली तर लवकर थांबलं होतं किंवा दळण जाड होतं. जिभेला कडू आणि आंबट वेगळं ओळखता येत नसेल त्या दिवसांत ही खूण फार उपयोगी पडते.

त्रिएस्तेच्या बारमध्ये माक्कियातो हा शब्द चालत नाही. ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचं हे जुनं बंदर, कॉफीच्या व्यापारावर वाढलेलं, आणि तिथे कॉफीची स्वतःची बोली आहे. साध्या एस्प्रेसोला तिथे ‘नेरो’, म्हणजे काळी, म्हणतात. माक्कियातोला ‘कापो’. तीच काचेच्या छोट्या ग्लासात हवी असेल तर ‘कापो इन बी’, कारण ग्लासाला इटालियनमध्ये ‘बिक्किएरे’ म्हणतात. त्रिएस्तेच्या माणसाला कप आणि ग्लास यांतला फरक नावात सांगण्याइतका महत्त्वाचा वाटतो. काचेच्या भांड्यात दुधाची रेघ कॉफीत विरताना दिसते.

आणि नाम-विशेषणाची अदलाबदल झाली की काय होतं त्याचं उदाहरण ‘लात्ते माक्कियातो’. लात्ते म्हणजे दूध. इथे डाग कॉफीचा आहे आणि डागाळलं आहे दूध. उंच ग्लासात गरम दूध, त्यावर फेस, आणि फेसातून हळूच सोडलेली एस्प्रेसो. लहान मुलांना, सकाळच्या न्याहारीला दिलं जाणारं हे पेय. इटलीबाहेरच्या कॅफेंत ‘माक्कियातो’ म्हणून सिरप घातलेला मोठा ग्लास समोर येतो तो या लात्ते माक्कियातोचा वंशज आहे, काफ्फे माक्कियातोचा नाही. तो चांगला लागतो की नाही हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. फक्त, दोन चमचे दुधाची छोटी कॉफी हवी असलेल्याने आपल्याकडे “एस्प्रेसो माक्कियातो” असं पूर्ण सांगितलेलं बरं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर “एस्प्रेसो, वर दोन चमचे दूध”.

पुस्तिकेची प्रकरणं मी या शब्दांच्या क्रमाने लावली नाहीत. पहिलं प्रकरण ग्राइंडरचं आहे, कारण आवरतं घेणं काय किंवा लांबवणं काय, दळण ठिकाणावर नसेल तर बटण कधीही बंद केलं तरी कपात तेच दोन दोष येतात. दुसऱ्यात आठ कपांचा प्रयोग पूर्ण, चित्रांसकट आहे. तो वाचण्याआधी घरात जी पूड असेल तिच्यावर एकदा करून पाहावा, आणि कोणता कप कसा लागला ते शेजारच्या कोऱ्या रकान्यांत लिहावं. प्रत्येक नवी पिशवी उघडली की ते रकाने पुन्हा भरावे लागतील, म्हणून ते पान सुटं काढता येईल असं बांधलं आहे. दूध तिसऱ्या प्रकरणात येतं.